ॲडव्हान्स आला म्हणजे विक्री झाली का?

प्रश्न: वकीलसाहेब, माझा कोल्हापुरात लोखंडी कपाटांचा छोटा कारखाना आहे. नागपूरच्या एका वाचनालयाने 40 कपाटांची ऑर्डर दिली. किंमत 5,00,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. 10 फेब्रुवारी 2025 ला 2,00,000 ॲडव्हान्स बँकेत आला. माल 29 मार्चला ट्रकने निघाला आणि 3 एप्रिलला पोहोचला. ट्रकभाडे त्यांचेच. हिशेबनिसाने फेब्रुवारीत दोन लाख विक्री दाखवली. उरलेली विक्री पैसे येतील तेव्हा दाखवू म्हणतो. हे बरोबर आहे का?

उत्तर: नाही, आणि ही नोंद आत्ताच सुधारून घ्या. फेब्रुवारीत तुमच्याकडे आलेले दोन लाख हे तुमच्यावरचे वाचनालयाचे देणे होते. कपाटे दिली नसती, तर ते परत करावे लागले असते. म्हणून बँक खाते नावे आणि ‘ग्राहकांकडून ॲडव्हान्स’ हे खाते जमा, एवढीच तेव्हाची नोंद. मालाच्या ॲडव्हान्सवर तेव्हा जीएसटीही लागत नाही. 15 नोव्हेंबर 2017 च्या अधिसूचनेने ती सूट दिली आहे. कंपोझिशनवाल्यांना मात्र ती लागू नाही.

विक्री ठरते ती मालकी ग्राहकाकडे गेली तेव्हा. माल विक्री कायदा, 1930 च्या कलम 23 प्रमाणे, ठरल्यासारखा माल कोणताही हक्क राखून न ठेवता ग्राहकाकडे नेण्यासाठी ट्रान्सपोर्टवाल्याच्या ताब्यात दिला, की तो त्या ऑर्डरसाठी बिनशर्त वेगळा काढला असे धरतात, आणि मालकी तेव्हाच ग्राहकाकडे जाते. वेगळे काही ठरले नसेल, तर मालकीबरोबर जोखीमही जाते. तेव्हा 29 मार्चला पूर्ण 5,00,000 विक्री, 90,000 जीएसटी, आणि वाचनालयाच्या खात्यावर 5,90,000 नावे. मग ॲडव्हान्सचे दोन लाख त्याच खात्यात वळते करा. येणे उरेल 3,90,000. पैसे एप्रिलमध्ये आले तरी ही विक्री 2024-25 चीच. फेब्रुवारीची चुकीची विक्री रद्द केली नाही आणि बिलही पूर्ण चढवले, तर विक्री सात लाख दिसेल आणि जीएसटी रिटर्नशी जुळणार नाही. मला सर्वात जास्त धास्ती याचीच वाटते.

आता ऑर्डरचा कागद काढून बघा. भाडे ग्राहकाचे, एवढ्यावरून मी निकाल देणार नाही. त्यात ‘नागपूर पोच, वाटेतले नुकसान विक्रेत्याचे’ असे लिहिले असेल, तर ट्रक उलटला असता तेव्हा तोटा तुमचा होता. अशा वेळी विक्री 3 एप्रिलची. मग 31 मार्चला ती 40 कपाटे उत्पादन खर्चाच्या किमतीने तुमच्याच शिलकी मालात, ‘वाटेतला माल’ म्हणून येतील, आणि ॲडव्हान्स देण्यातच राहील. जीएसटीचे मात्र तसे नाही. माल कारखान्यातून हलवताना बिल करावेच लागते, त्यामुळे कर मार्चच्या रिटर्नमध्येच जाईल. पुस्तकातली विक्री आणि रिटर्नमधली विक्री यांत पाच लाखांचा फरक दिसेल. त्याचा एक ताळमेळ तक्ता बनवून बिल्टी आणि पोचपावतीसह फाइलला लावा.