वेगाचा वर्ग कुठून आला?

प्रश्न: सायकल २० च्या स्पीडला आरामात जाते, ३० ला मात्र तोंडाला फेस येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो म्हणतात, पण वर्गाच्याच का?

उत्तर: कारण या हिशेबात वेग दोनदा येतो.

सायकल चालवताना समोरची हवा तुम्हाला सतत बाजूला सारावी लागते. एका सेकंदात जेवढं अंतर कापाल, तेवढ्या लांबीचा हवेचा पट्टा आडवा येतो. म्हणजे वेग दुप्पट केला की सेकंदाला दुप्पट हवा. भानगड एवढीच असती तर विरोधही दुप्पटच झाला असता. पण त्यातल्या प्रत्येक किलो हवेला वाटेतून हटायला आता निम्माच वेळ मिळतो, त्यामुळे तिला दुप्पट वेगाने फेकावं लागतं. दुप्पट हवा आणि तिला दुप्पट वेग, म्हणजे दर सेकंदाला चौपट संवेग. दर सेकंदाला दिलेला संवेग म्हणजेच बल, हा न्यूटनचा दुसरा नियम.

ढकललेली हवा पाठीमागे पुन्हा नीट जुळून आली असती, तर ही मेहनत बरीचशी परत मिळाली असती. पण माणसाची पाठ काही माशाच्या शेपटीसारखी निमुळती नसते. हवा मागे भोवऱ्यांत फिरत राहते आणि तिथे दाब कमी पडतो. पुढे जास्त दाब, मागे कमी, हाच तुमचा मुख्य विरोध. हवेच्या चिकटपणाचा वाटा त्यात थोडा असतो. धुळीच्या बारीक कणाचं उलट असतं. तिथे चिकटपणाच सगळं ठरवतो आणि विरोध नुसत्या वेगाच्या प्रमाणात वाढतो. वर्गाचा नियम सगळीकडे लागू नाही, पण सायकल-मोटारीला चांगला बसतो.

आता तुमचे आकडे. सूत्र F = ½ρC_dAv²: F म्हणजे विरोधाचं बल, ρ हवेची घनता, v वेग मीटर प्रति सेकंदात, आणि C_dA म्हणजे आकाराचा गुणांक गुणिले समोरून दिसणारं क्षेत्रफळ. हवेची घनता १.२ किलो प्रति घनमीटर आणि साधारण ताठ बसणाऱ्याचं C_dA ०.४ चौरस मीटर धरू. २० ला विरोध येतो सुमारे ७.४ न्यूटन, ३० ला १६.७, म्हणजे सव्वादोनपट. पण पायांना जाणवते ती शक्ती, म्हणजे बल गुणिले वेग. इथे वेग तिसऱ्यांदा आला! हवेसाठी ४१ वॅटचे १३९ वॅट होतात. टायरचं घर्षण मात्र ४ न्यूटनच्या आसपासच राहतं, त्यामुळे २० नंतर खरी झुंज हवेशीच.

समोरून वारा असेल तर वर्ग हवेच्या सापेक्ष वेगाचा घ्यायचा. १५ च्या वाऱ्यात २० ने जाताना हवेला तुमचा वेग ३५ वाटतो. बल तिप्पट होतं आणि हवेसाठी सुमारे १२६ वॅट लागतात. स्पीडोमीटर २० दाखवतो आणि पाय जवळजवळ ३० ची मेहनत करत असतात.

कोपर वाकवून पुढे झुकलात आणि C_dA ०.३ वर आलं, तर वारा नसताना ३० ला सुमारे ३५ वॅट वाचतात. २० ला जेमतेम १०, तेवढ्यासाठी कंबर दुखवून घेऊ नका.