साडेसातची भूक आणि साडेदहाची भूक

"मॅडम, डाएट सुरू केल्यापासून मला सारखी खा खा सुटते. संध्याकाळी वडापावसमोर जीव मुठीत धरून उभी असते, ती नुसती लालूच म्हणून मन मारते. पण रात्री साडेदहाला खरंच भूक लागते आणि तेव्हा मात्र खाऊन होतं. खरी भूक कुठली ते कळत नाही. कधी खायचं?"

ताई ऐरोलीत नोकरीला, राहायला घोडबंदर रोडला, मानपाड्याजवळ. वजन ७४ किलो. मोबाइलवरच्या कुठल्याशा तक्त्यावरून त्यांनी स्वतःला दिवसाला १२०० कॅलरींवर आणलं होतं. मी लगेच काही बदललं नाही. एका वहीत आठ दिवस फक्त आकडे लिहायला सांगितले: १ म्हणजे भुकेने गरगरतंय, ५ म्हणजे भूकही नाही नि पोट जडही नाही, १० म्हणजे आता श्वास घेववत नाही. आकड्याशेजारी वेळ, आणि एका प्रश्नाचं उत्तर: आत्ता समोर साधी पोळी-भाजी आली तर खाल का?

पोटाची भूक हळूहळू चढते आणि तिला काहीही चालतं. जिभेची भूक एकदम येते, आणि तिला चिवडाच हवा असतो.

वही घेऊन ताई नौपाड्यात माझ्याकडे आल्या, तेव्हा दोन ओळींवर माझं बोट थांबलं. जवळजवळ रोज संध्याकाळी साडेसातला, ठाणे स्टेशनबाहेर सॅटिस पुलावर बसची वाट बघताना, आकडा २. हात गार, चिडचिड, डोकं जड. 'पोळी-भाजी खाल का?' समोर लिहिलेलं, 'शिळीसुद्धा खाईन'. आणि रात्री साडेदहाला आकडा ५, कधी ६. उत्तर, 'नको, काहीतरी चटपटीत'.

म्हणजे त्यांनी नेमकं उलट धरलं होतं. ज्या भुकेला लालूच म्हणून दटावत होत्या, ती पोटाची होती. वडापावचा वास येत होता म्हणून ती खोटी ठरत नाही, २ वर असलेल्या माणसाला तो वास जास्तच ओढतो. आणि साडेदहाची भूक होती टीव्हीसमोर बसण्याच्या सवयीची. ठरलेल्या वेळी रोज खाल्लं की शरीर त्या वेळेच्या आधीच भुकेचे संकेत पाठवायला लागतं. ती लाट खरीच जाणवते, पण बहुतेकदा थोड्या वेळात आपोआप ओसरते.

कॅलरी कमी केल्यावर भूक जाणवणारच. जेवणाच्या वेळी ३-४ वर असणं अगदी ठीक. २ पर्यंत घसरू देणं मात्र महागात पडतं, कारण तिथून जेवायला बसलं की भराभर खाल्लं जातं आणि ७ ला थांबणं हातात राहत नाही. ताईंचं नऊचं जेवण तसंच होत होतं.

मग आम्ही साडेसातच्या मागे गेलो. एक वाजता डब्यात दोन फुलके आणि दुधीची भाजी, बस्स. ना डाळ, ना उसळ, ना दही. साडेपाचलाच आकडा ४ वर येत होता, पण कामात कळत नव्हता. म्हणून डब्यात वाटीभर मटकीची उसळ वाढवली, आणि साडेपाचला ऑफिसातच मूठभर फुटाणे नि ताक ठरवलं. या खाण्याच्या साधारण दीडशे कॅलरी रात्रीच्या जेवणातून थोडा भात कमी करून वळत्या केल्या. एकूण हिशेब मात्र मी १५०० वर नेला. त्यांच्या वजनाला नि धावपळीला १२०० फारच तोकडे होते, रोज २ वर घसरण्याचं ते मोठं कारण होतं.

रात्रीसाठी एकच नियम. आकडा लिहायचा, वीस मिनिटं थांबायचं, पुन्हा लिहायचा. ५ चा ५ च राहिला किंवा विसरूनच गेला, तर ती लाट होती. आकडा उतरून ३ झाला, तर निमूटपणे कपभर दूध किंवा अर्धी पोळी-भाजी खायची, अपराध्यासारखं नाही. झोप कमी झालेल्या दिवशी भूक जास्त वाटते, म्हणून झोपेचे तासही लिहायला लावले.

हे थांबून बघणं सगळ्यांसाठी नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि थरथर, घाम सुरू झाला, तर आकडा लिहीत बसू नका. साखर तपासा, ती कमी असेल किंवा तपासायची सोय नसेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्या. गरोदरपणी, किंवा पूर्वी उपाशी राहण्याचा वा खाऊन ओकारी काढण्याचा त्रास झाला असेल, तर ही वही मी देतच नाही.

तिसऱ्या आठवड्यातली ताईंची बुधवारची नोंद: ७.३५, सॅटिस, आकडा ४, बस मिळाली. १०.३०, आकडा ५, चिवडा हवासा. आणि खाली १०.५० ला काहीच लिहिलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, "अहो, मुलीच्या युनिफॉर्मला इस्त्री करत होते, राहूनच गेलं."