राइट्सचे हक्क डिमॅटमध्ये पडून राहिले तर

प्रश्न: डिमॅटमध्ये कंपनीच्या नावापुढे RE लिहिलेली नवीन ओळ दिसतेय. बोनस मिळाला का? विकायचं, की असंच ठेवायचं? मी निपाणीत असतो.

उत्तर: बोनस नव्हे, आणि असंच तर अजिबात ठेवू नका. ते राइट्सचे हक्क आहेत, म्हणजे कंपनीचे नवे शेअर तिने ठरवलेल्या भावाने घेण्याचे हक्क. मुदतीत अर्जही केला नाही आणि ते विकलेही नाहीत, तर इश्यू, म्हणजे ही शेअरविक्री, बंद झाली की हक्क रद्द होतात आणि हातात काहीच येत नाही.

बोनसमध्ये तुम्हाला काही करावं लागत नाही. शेअर वाढतात, त्याच प्रमाणात भाव उतरतो. त्या दिवशी भावाचा अलर्ट वाजला तर घाबरून विकू नये एवढंच. बायबॅकमध्ये कंपनी स्वतःचे शेअर परत विकत घेते, तिथे शेअर दिले नाहीत तरी ते तुमच्याकडेच राहतात. राइट्समध्ये मात्र गप्प बसलं की खिशातून जातं.

समजा तुमच्याकडे १२० शेअर आहेत, भाव २६० रुपये. कंपनी दर ४ शेअरमागे १ नवा शेअर २०० रुपयांना देते. म्हणजे ४ जुन्यांचे १,०४० आणि नव्याचे २००, असे ५ शेअरचे १,२४० रुपये. एका शेअरला २४८ पडले. रेकॉर्ड डेटला, म्हणजे ज्या दिवशीच्या भागधारकांना हक्क मिळतात त्या दिवशी, भाव साधारण १२ रुपयांनी उतरतो तो यामुळेच. तुमचे १,४४० रुपये तिथे कमी झाले, पण बदल्यात ३० हक्क आले, २४८ चा शेअर २०० ला मिळतो म्हणून प्रत्येकी ४८ रुपये किमतीचे. हिशेब पुन्हा १,४४० वर येतो. हक्क वाया घालवले की तेवढं नुकसान कायमचं.

म्हणून राइट्सची घोषणा दिसली की वहीत तीन तारखा लिहा: रेकॉर्ड डेट, हक्कांच्या खरेदी-विक्रीचा शेवटचा दिवस, इश्यू बंद होण्याचा दिवस. यातली मधली तारीख लोक हमखास चुकवतात, कारण ती इश्यू बंद होण्याच्या काही दिवस आधीच येते. रिलायन्सच्या २०२० च्या इश्यूत हक्कांचे सौदे २९ मेला थांबले, इश्यू ३ जूनला बंद झाला. त्या मधल्या दिवसांत बाजारात विकायची वाट बंद, फक्त अर्ज करायचा उरतो.

अर्ज करायच्या आधी बाजारभाव बघा. तो २०० च्या खाली गेला असेल तर २०० देऊन शेअर घेण्यात अर्थ नाही, बाजारातच स्वस्त मिळतो.

आपल्याकडे अडचण येते ती बँकेची. अर्ज अस्बा, म्हणजे अर्जाची रक्कम खात्यातच अडकवून ठेवायची सोय, असलेल्या बँकेतूनच जातो, आणि खातं तुमच्याच नावाचं लागतं. पतसंस्थेतले पैसे उपयोगाचे नाहीत, सहकारी बँकेत ही सोय आहे का ते आधी विचारून घ्या. १ नोव्हेंबरच्या आसपासचा इश्यू असेल तर कर्नाटक राज्योत्सवामुळे इथल्या शाखा बंद असतात, मुंबईचा बाजार मात्र चालू असू शकतो. कागदी अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

अर्ज केल्यावर रक्कम लगेच कापत नाहीत, खात्यात अडकवून ठेवतात. दुसऱ्या दिवशी ती अडकलेली दिसली नाही, तर अर्ज पुढे गेलेला नाही असं समजून शाखा गाठा.