‘पितेय थोडं थोडं’ म्हणणारी आई आणि रेफरचा निर्णय

प्रश्न: मी नुकतीच प्राथमिक आरोग्य केंद्रात स्टाफ नर्स म्हणून रुजू झाले आहे. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टर कधी मीटिंगला तर कधी कॅम्पला. आजारी तान्हं बाळ समोर आलं की त्याला इथेच ठेवायचं की पुढे पाठवायचं, हे कसं ओळखायचं? उगाच पाठवलं तर बोलणी बसतात, नाही पाठवलं तर रात्रभर झोप लागत नाही.

उत्तर:

मी १४ वर्षं डोंगरभागातल्या आरोग्य केंद्रांत मेडिकल ऑफिसर म्हणून काम करतेय. पहिल्या वर्षी माझ्या हातून झालेली एक चूक आधी सांगते, कारण पुढे जे सांगणार आहे ते मी तिथूनच शिकले.

खोकल्याचं बाळ होतं. मी आईला विचारलं, “दूध पितं का?” ती म्हणाली, “हो.” मी केसपेपरवर तसं लिहिलं, औषध दिलं आणि घरी पाठवलं. संध्याकाळी आजोबा त्याला उचलून धावत परत आले तेव्हा ते निपचित पडलं होतं. नंतर कळलं की सकाळपासून आई त्याला फक्त छातीशी धरत होती. बाळाने ओढलेलं काहीच नव्हतं. तिने खोटं सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी ‘पाजणं’ म्हणजे पदराखाली घेणं, आणि ते ती दर तासाला करत होती.

दोन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलात धोक्याची सर्वसाधारण लक्षणं चारच आहेत: दूध किंवा पाणी पिता न येणं, पोटात गेलेलं सगळं उलटून पडणं, या आजारात झटके आलेले असणं, आणि सुस्त किंवा बेशुद्ध असणं. यातलं एकही दिसलं तरी बाळ गंभीर, मग आजाराचं नाव काहीही असो. ही चार तुम्हाला ट्रेनिंगमध्ये पाठ करून घेतली असतील. अडचण पाठांतराची नसते. ती लक्षणं विचारून कळत नाहीत, करून बघावी लागतात.

पाजणं म्हणून समोरच बघा. आईला बाकावर नीट टेकून बसवा, बाळ छातीला लावायला सांगा आणि दोन मिनिटं दुसरं काही करू नका. ज्याला पिता येतं ते तोंड मोठं उघडतं, काही वेळा ओढतं, थांबतं, गिळल्याचा आवाज येतो, पुन्हा ओढतं. ज्याला येत नाही ते ओठांनी स्तनाग्र नुसतं धरतं, एकदोनदा हनुवटी हलवतं आणि सोडून देतं. दूध ओठांच्या कोपऱ्यातून गालावर ओघळतं. नाक चोंदलेलं असलं तरी बाळ सोडतं, म्हणून मऊ कापडाच्या वातीने नाक साफ करून पुन्हा लावा. त्यानंतर प्यायलं तर हे लक्षण नाही.

उलटीचंही तसंच. दूध पाजल्यावर थोडी गुळणी येणं वेगळं. ‘सगळं टाकतं’ असं आई म्हणाली की तिथेच पाजा आणि पोटात काही टिकतं का बघा. झटक्यांबाबत मात्र विचारावंच लागतं, तेही तिच्या शब्दांत. ‘झटके आले का’ म्हटलं की बरेचदा ‘नाही’ येतं. ‘डोळे वर फिरवले का, मुठी आवळून अंग ताठ झालं का, आकडी आली का’ असं विचारलं की काल रात्रीची गोष्ट बाहेर येते.

सर्वांत जास्त फसवते ती सुस्ती, कारण लांबून ते बाळ शांत झोपलेलं वाटतं. गर्दीत रडणाऱ्या बाळाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. तुम्ही आधी न रडणारं बाळ शोधा. कपडे सोडा, टाळी वाजवा, तळव्याला टिचकी मारा. झोपलेलं बाळ कुरकुरतं, आईकडे बघतं, रडतं. सुस्त बाळ डोळे किलकिले करतं, नजर कुठेच ठरत नाही, आणि पुन्हा ग्लानीत जातं.

आता एक केस सांगते. पावसाळ्यातली सोमवारची ओपीडी. पाच महिन्यांची मुलगी, वजन ५.८ किलो, तीन दिवस ताप आणि खोकला. आई म्हणाली, “पितेय थोडं थोडं.” ताप १०१ फॅरनहाइट. सिस्टरने पूर्ण एक मिनिट श्वास मोजले, ४६ भरले. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा त्याहून जास्त असले तर जलद श्वास म्हणतात, म्हणजे हे हद्दीत होते. छातीही आत ओढली जात नव्हती. केसपेपरवर ‘सर्दी-खोकला’ लिहून पॅरासिटामॉल देण्याइतकं ते साधं दिसत होतं.

छातीला लावली तर एकदा तोंड हलवलं आणि मान टाकली. नाक साफ करून पुन्हा लावली, तेच. तळव्याला टिचकी मारल्यावर डोळे उघडले, पण आईच्या चेहऱ्यावर थांबले नाहीत. मग उभं धरून टाळू बघितली. शांत बाळाची टाळू सपाट किंवा जराशी खोलगट लागते, हिची वर आलेली होती. मलेरियाची रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली. ग्लुकोमीटरवर साखर ४१.

मेंदूज्वराची शंका मनात आली, पण रेफरचा निर्णय त्या शंकेवर ठरला नव्हता. पिता येत नाही आणि सुस्त आहे, एवढ्यावर तो आधीच झाला होता. पाठीतलं पाणी काढून तपासणं आपल्याकडे होत नाही, आणि निदान पक्कं होईपर्यंत थांबलं तर तास जातात. आपण फक्त हे ठरवायचं की हे बाळ आज रात्री आपल्या छताखाली राहू शकतं का.

१०८ ला फोन लावला. गाडी यायला ४० मिनिटं होती आणि सगळी खरी कामं त्या ४० मिनिटांत झाली. पहिलं साखरेचं. सुस्त बाळाच्या तोंडात वाटी-चमच्याने काही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. आईचं दूध पिळून घेतलं, नाकातून नळी घातली, ती पोटातच आहे याची खात्री केली आणि ५० मिलि हळूहळू सोडलं. दूध निघालं नसतं तर २०० मिलि स्वच्छ पाण्यात चार सपाट चमचे, म्हणजे २० ग्रॅम साखर विरघळवून तेच पाणी दिलं असतं. अर्ध्या तासाने साखर ७२ आली. दुसरं, अँटिबायोटिकचा पहिला डोस. अँपिसिलिन किलोला ५० मिग्रॅ, म्हणजे २९० मिग्रॅ, आणि जेंटामायसिन किलोला ७.५ मिग्रॅ, म्हणजे साधारण ४३ मिग्रॅ, दोन्ही मांडीत, वेगवेगळ्या बाजूला. इथे एक सांभाळा: जेंटामायसिनची एक बाटली मिलिला ४० मिग्रॅची असते, दुसरी १० ची. लेबल वाचल्याशिवाय सिरिंज भरू नका. डॉक्टर जागेवर नसतील तर फोनवर वजन आणि मिलि दोन्ही मोठ्याने सांगून खात्री करून घ्या.

तिसरं, वरच्या दवाखान्यात फोन. हे काम आपल्याकडे सर्वांत जास्त राहून जातं. बालरोगतज्ज्ञ आज ड्युटीवर आहेत का, खाट आणि ऑक्सिजन आहे का, हे विचारल्याशिवाय गाडी हलवू नये. जवळचा म्हणून मधल्या एका दवाखान्यात पाठवलेलं बाळ तिथून पुन्हा पुढे पाठवलं गेल्याचं मी बघितलंय, आणि त्यात दोन तास गेले. शिवाय वय लक्षात ठेवा. जिल्हा रुग्णालयातला नवजात शिशूंचा विशेष कक्ष २८ दिवसांपर्यंतच्या बाळांसाठी असतो. पाच महिन्यांचं बाळ बालरोग वॉर्डात जातं.

चिठ्ठीवर ‘पुढील उपचारार्थ’ एवढंच लिहू नका. मी लिहिलं होतं: छातीला लावून ओढत नाही, उठवल्यावर नजर ठरत नाही, टाळू फुगलेली, साखर ४१, ५० मिलि दूध नळीने दिल्यावर ७२, अँपिसिलिन आणि जेंटामायसिन अमुक वाजता. तिथल्या डॉक्टरांनी त्यामुळे जेंटामायसिन पुन्हा दिलं नाही. गाडीत बाळ आईच्या उघड्या छातीशी ठेवून वरून घोंगडी दिली. सिस्टर सोबत गेली, कारण वाटेत झटका आला तर कुशीवर वळवून नाक-तोंड मोकळं ठेवणारं कुणीतरी हवं. पुढे पाठीतल्या पाण्याच्या तपासणीत मेंदूज्वरच निघाला, आणि बाळ जवळजवळ तीन आठवड्यांनी घरी आलं.

आता ‘उगाच रेफर’बद्दल. एक जागा अशी आहे जिथे धोक्याचं लक्षण असूनही आधी इथेच उपचार सुरू करायचे. जुलाबाने बाळ सुकलंय, डोळे खोल गेलेत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर अगदी सावकाश खाली बसते, आणि दुसरा कोणताही गंभीर आजार नाही. अशा वेळी गाडीत घालणं म्हणजे वाटेतच बाळ गमावणं. शीर मिळाली तर रिंगर लॅक्टेट किलोला १०० मिलि: वर्षाच्या आतल्या बाळाला पहिल्या तासात किलोला ३०, पुढच्या पाच तासांत ७०. पाणी भरलं की कित्येकदा सुस्ती जाते, बाळ दूध ओढायला लागतं आणि रेफरची गरजच उरत नाही. मात्र खूप कुपोषित बाळाला हे प्रमाण लावू नका, त्याला इतक्या वेगाने सलाईन झेपत नाही. तिथे डॉक्टरांना विचारूनच पुढे जा.

आणि दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ही सगळी मापं बदलतात. तिथे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त (एकदा भरले तर पुन्हा मोजा), काखेतलं तापमान ३७.५ सेल्सिअस किंवा वर, किंवा ३५.५ च्या खाली, छाती जोरात आत ओढली जाणं, हलवल्याशिवाय हालचाल न करणं, नीट न पिणं, यातलं कुठलंही एक पुरतं. इतक्या लहान बाळाला ताप येतोच असं नाही. थंड पडलेलं बाळ तापलेल्या बाळाइतकंच गंभीर समजा.

शेवटी घरच्यांचा नकार, कारण निम्मे रेफर तिथेच अडतात. त्या मुलीची आजी म्हणाली, “लावणी सोडून कोण जाणार, आणि तिकडे पैसे कोण देणार?” मी रागावले नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार, नेणारी गाडी आणि परत घरी सोडणारी गाडी मोफत आहे, हे त्यांना माहीतच नव्हतं. घरच्या मोठ्या मुलाकडे आशाताई दोन दिवस बघतील असं त्यांच्यासमोर ठरवलं, तेव्हा आजी उठून पिशवी भरायला लागली. समजावूनही कुणी नाहीच म्हणालं तर हात झटकू नका. डॉक्टरांना कळवून इंजेक्शनं इथेच चालू ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी बाळ घेऊन यायची वेळ घरच्यांकडूनच ठरवून घ्या. नाही आले तर त्याच दिवशी आशाताईंना घरी पाठवा.