शेरा लिहिण्याआधी एकक बघ

ठाण्यात पावसाळ्यात प्लेटलेटचे रिपोर्ट ढिगाने येतात, त्यांवर ‘कमी’ की ‘नॉर्मल’ असा शेरा लिहितानाच नवखा फसतो. समज, रिपोर्टवर आकडा १.६२ लाख आहे आणि शेजारी रेंज छापलीय १५० ते ४१० हजार. नुसते आकडे ताडून पाहिलेस तर ‘कमी’ लिहून बसशील आणि घरचे डेंग्यूच्या धास्तीने पळतील. आधी एकक जुळव: १.६२ लाख म्हणजे १६२ हजार, म्हणून ‘नॉर्मल’.

बरोबर १५० आले तरी नॉर्मलच, १४९ मात्र ‘कमी’. मनाने सूट द्यायची नाही. रेंज त्याच कागदावरची घे, दुसऱ्या लॅबची उसनी नको. ती छापलेलीच नसेल तर शेऱ्याचा रकाना सरळ रिकामा सोड. आणि ‘डेंग्यू आहे का हो?’ विचारलं, तर डॉक्टरांकडे पाठव.