अनुकंपी, परानुकंपी आणि घामाची ओळ

*प्रश्न: परीक्षेसाठी सिंपथेटिक-पॅरासिंपथेटिकचा तक्ता करते आहे. मराठीत सिंपथेटिकला ‘अनुकंपी’ म्हणतात. मज्जातंतूंचा दयेशी काय संबंध? आणि घामाच्या ग्रंथींपुढे सिंपथेटिकच्या रकान्यात ॲसिटिलकोलीन छापलंय, ती छपाईची चूक ना?*

चूक नाही. आणि तुमच्या दोन्ही प्रश्नांची मुळं एकाच जागी आहेत.

‘अनुकंपा’ म्हटलं की आपल्याला अनुकंपा तत्त्वावरची नोकरी आठवते, तिथून दया. पण शब्द फोडून पाहा: अनु म्हणजे मागोमाग, सोबत, कंप म्हणजे थरथर. एकाच्या थरथरण्यासोबत दुसऱ्याचं थरथरणं. ग्रीक ‘सिंपथी’तही सोबत भोगणंच आहे. एक अवयव बिघडला की दुसरा का कुरकुरतो, ही जुन्या वैद्यांची शंका. अवयवांमधलं हे सख्य मज्जातंतू घडवतात अशा समजुतीतून विन्सलो या शरीररचनातज्ज्ञाने १७३२ मध्ये कण्याच्या बाजूने जाणाऱ्या साखळीला ‘सिंपथेटिक’ म्हटलं. समजूत मागे पडली, नाव राहिलं. अनुकंपी हे भाषांतर मला तरी झकास वाटतं.

घोळ खरा ‘परानुकंपी’त आहे. लँगलीने १९०५ मध्ये ‘पॅरासिंपथेटिक’ हा शब्द घडवला तेव्हा त्यातल्या ग्रीक ‘पॅरा’चा अर्थ होता शेजारचा. छाती-कमरेच्या मणक्यांतून निघतात ते सिंपथेटिक. त्यांच्या वर मेंदूच्या बुडातून आणि खाली माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीच्या भागातून निघतात ते त्यांचे शेजारी. म्हणजे आज ही दोन नावं तंतू कुठून निघतात तो पत्ता सांगतात, काम नाही. मराठीत मात्र ‘परा’ ऐकलं की पराजय, पराङ्मुख आठवतं आणि वाटतं, हा अनुकंपीचा उलटा. मग विद्यार्थी प्रत्येक ओळीत दोन विरुद्ध गोष्टी भरायला बसतात. लाळेपाशीच हा नियम अडखळतो: तिथे दोन्ही बाजू लाळ वाढवतातच, परानुकंपी पातळ आणि भरपूर, अनुकंपी थोडी, घट्टसर.

रसायनावरून नावं नंतर आली. मज्जातंतूच्या टोकाशी काय सुटतं ते पाहून डेलने १९३३ मध्ये ‘ॲड्रेनर्जिक’ आणि ‘कोलिनर्जिक’ हे शब्द सुचवले. पत्ता एक आणि रसायन दुसरं असे तंतू असतात, म्हणूनच ही वेगळी जोडी लागली. तक्त्यात ते असं दिसतं, रसायनापुढे ते पकडणारा अवयवावरचा ग्राही, म्हणजे रिसेप्टर:

| अवयव | अनुकंपी | परानुकंपी |
|---|---|---|
| बाहुली | नॉरॲड्रेनलीन, अल्फा-१: मोठी | ॲसिटिलकोलीन, एम-३: बारीक |
| हृदय | नॉरॲड्रेनलीन, बीटा-१: ठोके वाढतात | ॲसिटिलकोलीन, एम-२: ठोके कमी |
| घामाच्या ग्रंथी | ॲसिटिलकोलीन, एम-३: घाम | पुरवठा नाही |

घामाच्या ओळीतला शेवटचा रकाना रिकामाच ठेवायचा. नवतप्यात वर्धा रोडवर उभं राहिल्यावर अंगभर सुटतो तो घाम अनुकंपी तंतूंचा, पण ग्राही मात्र परानुकंपी ओळींतल्या घराण्याचा, मस्करिनिक. (हे सगळं अवयवाला भिडणाऱ्या शेवटच्या तंतूबद्दल चाललंय. त्याआधीच्या गँगलियनमध्ये दोन्हीकडे ॲसिटिलकोलीनच सुटतं, पण तिथला ग्राही निकोटिनिक.)

आता हा तक्ता धोतऱ्यावर लावून पाहा. समजा एखाद्या पोट्ट्याने खेळता खेळता धोतऱ्याचं बी चावलं. त्यातली ॲट्रोपिनसारखी द्रव्यं सगळे मस्करिनिक ग्राही अडवतात. बाहुलीचं एम-३ बंद, अल्फा-१ला अडवणारं कुणी नाही, म्हणून बाहुली मोठी. हृदयाचं एम-२ बंद, म्हणून ठोके धावतात. इथवर पाहणारा म्हणेल, अनुकंपी खवळली. आणि खवळली असती तर घाम फुटायला हवा. पण घामाच्या ग्रंथींवरही एम-३च आहे, तोही बंद. कातडी कोरडी, लाल, तापलेली. नागपूरच्या मे महिन्यात हे फार वाईट, कारण अंग थंड करायचा मुख्य मार्गच बंद झालेला असतो.

ॲम्फेटामिनसारखं औषध जास्त झालेल्या माणसातही बाहुल्या मोठ्या आणि नाडी जलद सापडते. पण त्याचे मस्करिनिक ग्राही मोकळे असतात, त्यामुळे तो घामाने निथळतो. दोघांत फरक करायला डॉक्टर रोग्याच्या काखेत हात घालून पाहतात: ओली की कोरडी.