गोणीची खोळ घेतलेला धुडकू आप्पा

प्रश्न: मी लहान मुलांच्या चित्रकथेसाठी एक कॅरेक्टर बनवतोय, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही आणि दर पानावर वेगळंच दिसतं. साधे शेप, थोडेच रंग आणि टर्नअराउंड शीट हे नेमकं कसं वापरायचं?

मी यावलकडची. मी केलेल्या एका कॅरेक्टरवरूनच सांगते म्हणजे नीट कळेल. धुडकू आप्पा, केळीच्या बागेत रात्री मोटर चालू करायला जाणारा म्हातारा, आमच्याकडे शेतीची लाईट कधी दिवसा कधी रात्री त्यामुळे असे आप्पा प्रत्येक गावात आहेत.

पहिल्यांदा मी त्याला अगदी खराखुरा काढला होता, सुरकुत्या, चष्मा, धोतराच्या घड्या, बंडीचा खिसा, खिशातला पेन पण. मग त्याची आऊटलाईन आतून पूर्ण काळी भरली, चित्र अंगठ्याएवढं छोटं केलं आणि भाचीला दाखवलं. ती म्हणाली "हाऊ कोन शे?" तिला माणूस आहे एवढंच कळलं. ही टेस्ट तुम्ही आजच करा, नुसत्या काळ्या सावलीवरून कॅरेक्टर ओळखू येत नसेल तर आतल्या डिटेलने काही फरक पडत नाही, कारण लांबून बघताना डोळा आधी बाहेरची कड पकडतो.

मग मी डोक्यावर गोणीची खोळ दिली. पावसात शेतात जाताना गोणीचा खालचा एक कोपरा आत ढकलून दुसऱ्या कोपऱ्यात बसवतात आणि डोक्यावर घेतात ना, ती. समोरून सरळ त्रिकोण दिसतो. त्याखाली पोटाचा गोल आणि खाली दोन काड्यांसारखे पाय, बस. पण तीन शेप घेतले की झालं असं नाही, त्यांचं माप वेगळं पाहिजे. माझ्या दुसऱ्या ड्रॉइंगमधे त्रिकोण आणि गोल सारख्याच उंचीचे होते आणि ते खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखं दिसत होतं. मग खोळ एकूण उंचीच्या निम्मी केली, पोट साधारण एक तृतीयांश आणि उरलेले पाय, म्हणजे एक मोठा, एक मध्यम, एक छोटा. खऱ्या मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांएवढी धरतात, आप्पा खोळ सोडून तीनच डोक्यांचा आहे. यावेळी काळी सावली बघून भाची लगेच म्हणाली, गोणीवाला आप्पा.

रंगांमधे मी मोठी चूक केली होती. खोळ तागाच्या गोणीच्या तपकिरी रंगाची ठेवली, कागदावर छान दिसली, पण बागेच्या हिरव्या बॅकग्राउंडवर ठेवली की आप्पा गायब. रंग तर वेगळे होते मग असं का, म्हणून चित्र ग्रेस्केल करून बघितलं तर हिरवा आणि तपकिरी दोन्ही जवळपास एकाच राखाडीत गेले. रंग वेगळा असणं आणि गडद-फिकेपणा वेगळा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आकृती उठून दिसते ती जास्त करून दुसऱ्यामुळे. मग आठवलं की आता शेतात तागाच्या गोणीपेक्षा खताची पांढरी प्लास्टिकची गोणीच जास्त वापरतात, म्हणून खोळ पांढरी केली आणि धोतर पण त्याच पांढऱ्यात. शेवटी चारच रंग राहिले:

```
खोळ, धोतर   #F4EFE2
अंग          #8A5A3C
बंडी         #7B1E3A
बॅटरी        #F5B81C
```

बंडीचा रंग केळफुलावरून घेतला. पिवळा फक्त हातातल्या बॅटरीला. बागेत केळी हिरवीच कापतात, पिकवतात ती नंतर, म्हणून बागेच्या चित्रात पिवळा दुसरीकडे कुठेच नसतो आणि नजर बरोबर बॅटरीवर जाते. पिवळा आणखी कुठे, समजा चपलेला दिला असता तर हा फायदा गेला असता. एक अडचण अजून आहे, अंगाचा रंग ग्रेस्केलमधे पानांच्या हिरव्याएवढाच येतो. तोंडाभोवती पांढरी खोळ आहे म्हणून तोंड सुटतं, पण हात नाही सुटत, म्हणून हात जमेल तिथे बंडीवर किंवा धोतरावर येतील अशाच पोज काढते.

आता दर पानावर वेगळं दिसण्याचं. त्यासाठीच टर्नअराउंड शीट, म्हणजे एकाच कागदावर एकाच मापात सगळ्या बाजूंनी काढलेलं कॅरेक्टर. ए-थ्री कागद आडवा घ्या आणि आधी पूर्ण कागदभर आडव्या रेषा मारा: खोळीचं टोक, डोळे, हनुवटी, कंबर, गुडघा, जमीन. मग त्याच रेषांवर पाच बाजू काढायच्या, समोरून, पाऊण समोरून म्हणजे समोर आणि बाजू यांच्या मधून, बाजूने, तसंच पाऊण मागून, आणि मागून. मी समोरची, बाजूची आणि मागची आधी काढते आणि पाऊणवाल्या शेवटी, कारण त्यांची रुंदी बाकीच्यांवरून ठरते. पर्स्पेक्टिव्ह अजिबात नको, हात अंगापासून थोडे लांब ठेवा म्हणजे बगलेतली फट दिसते.

माझी गाडी अडली बाजूच्या चित्रावर. समोरून त्रिकोण, म्हणून बाजूनेपण त्रिकोणच काढला तर आप्पा वाढदिवसाची टोपी घातल्यासारखा दिसायला लागला. मग खरी गोणी भाच्याच्या डोक्यावर दिली आणि पाची बाजूंनी फोटो काढले. खोळीचं टोक मधोमध नसतं, मागे झुकलेलं असतं, आणि गोणीचा उघडा भाग पाठीवर पार कमरेखाली लोंबतो. म्हणजे मागून बघितलं तर बंडी दिसतच नाही, नुसती पांढरी गोणी आणि खाली पाय! हे समोरच्या चित्रावरून मला कधीच कळलं नसतं आणि प्रत्येक पानावर मी खोळ अंदाजानेच काढत बसले असते, तुमचं वेगळं दिसतंय ते बहुतेक असंच कुठेतरी होतंय.

दुसरी कॉमन चूक म्हणजे मागची बाजू काढायला समोरचं चित्र नुसतं ट्रेस करणं. आप्पाच्या उजव्या हातात बॅटरी आहे, समोरून ती कागदाच्या डावीकडे येते आणि मागून उजवीकडे. ट्रेस केलं की बॅटरी डाव्या हातात जाते. मी पाची चित्रांत उजव्या हातावर पेन्सिलने 'उ' लिहून ठेवते. पानाची मांडणी करताना चित्र आडवं फ्लिप केलं तरी हीच चूक होते, तिथेपण लक्ष ठेवा.

शीट झाली की पाची चित्रं क्रिटासारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमधे एकावर एक फ्रेम म्हणून लावा, पाय एकाच जागी ठेवा आणि सेकंदाला पाच फ्रेमच्या आसपास चालवा. आप्पा समोरून मागे वळल्यासारखा दिसला तर ठीक, पोट वरखाली उडत असेल किंवा नाक मधेच लांब होत असेल तर त्या फ्रेमचं माप चुकलंय. माझ्या चित्रात पाऊण मागच्या बाजूला पोट फुगत होतं, रेषांवर उंची बरोबर होती पण रुंदी जास्त झाली होती, नुसतं बघून हे दिसलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र शीटमधून मिळत नाही. ती उभ्या माणसाची असते, आणि आप्पा मोटरच्या पेटीजवळ उकिडवा बसला की गोणी जमिनीला टेकून मागे पसरते, त्रिकोणाचा तंबू होतो. म्हणून त्याच कागदावर कोपऱ्यात बसलेल्या आप्पाचं सहावं चित्र काढून ठेवलंय. तुमचं कॅरेक्टर गोष्टीत जे सगळ्यात जास्त वेळा करतं, पळतं, सायकल चालवतं, जे असेल ते, त्या पोजचं एक चित्र शीटवरच काढून घ्या.